स्वतःच्या जागेवर शेड बांधताना प्रकल्प अहवालात जागेची किंमत किती धरावी?

अक्कलकोट_रोड

नमस्कार. सोलापुरात आमची टेरी टॉवेल विणण्याची भागीदारी पेढी आहे. थोरले काका, वडील आणि मी असे तिघे भागीदार आहोत. अक्कलकोट रस्त्यालगत, पण एमआयडीसीच्या हद्दीबाहेर, पेढीच्या नावावर २० गुंठे बिगरशेती जागा आहे. ती १९९६ साली ६ लाखांना घेतली होती. सध्या ती एका बांधकाम साहित्याच्या व्यापाऱ्याला महिना २५ हजार रुपये भाड्याने दिलेली असून तो तिथे वाळू, खडी आणि पाइप ठेवतो.

या जागेवर शेड बांधून रॅपियर माग बसवावेत, असा विचार चालू आहे. सल्लागाराने केलेल्या अहवालानुसार शेड व वीजजोडणीला ८० लाख, मागांना १ कोटी २० लाख आणि खेळत्या भांडवलाला २० लाख, असे एकूण २ कोटी २० लाख घालावे लागतील. त्यातून कर वजा जाता वर्षाला ४२ लाख रोख हाती येतील आणि दहा वर्षांनी भंगार व खेळते भांडवल मिळून ३२ लाख परत येतील. १२ टक्के दराने आजच्या किमतीत आणले, तर गुंतवणूक वसूल होऊन वर २७.६ लाख उरतात.

अहवालात जागेपुढे शून्य लिहिले आहे आणि घरात वाद त्या शून्यावरून सुरू झाला. काकांच्या मते तिथे ६ लाख लिहावेत, कारण वह्यांत तेवढेच आहेत. शिवाय मोजणी, आराखडे, माती परीक्षण आणि बोअर यांवर गेल्या वर्षी झालेले साडेचार लाखही धरावेत, असे ते म्हणतात. सल्लागार म्हणतो की जागा आपलीच आहे, तिला खर्च कसला? मला दोघांचेही पटत नाही, पण नेमके काय लिहावे ते कळत नाही. मध्यंतरी एका बांधकाम व्यावसायिकाने या जागेचे १ कोटी ७६ लाख देऊ केले होते.

पोटमाळा

सल्लागार बरोबर बोलतो आहे. जागेचे पैसे १९९६ सालीच देऊन झाले. प्रकल्प करा अगर करू नका, ते सहा लाख परत येणार नाहीत. गेलेला पैसा हिशेबात धरायचा नाही, हे तर पहिल्या वर्षाच्या पुस्तकातही असते.

ताळेबंद

पोटमाळा यांचे पहिले वाक्य चुकीचे आहे, बाकीची बरोबर आहेत. सहा लाख बुडीत खर्चात जमा झाले, हे मान्य. पण त्या पैशांत घेतलेली जागा बुडालेली नाही. ती आजही उभी आहे आणि तिला गिऱ्हाईक आहे. शेड बांधली की त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणावे लागते, आणि जे नाही म्हटल्याने हातचे जाते तो या प्रकल्पाचा खर्च, म्हणजे संधी खर्च, आहे, मग त्यासाठी खिशातून एक रुपयाही बाहेर पडो वा न पडो. म्हणून काकांचे सहा लाख आणि सल्लागाराचे शून्य हे दोन्ही आकडे खोडावे लागतील.

साडेचार लाखांचेही तसेच. मोजणी, आराखडे आणि माती परीक्षण यांचा पैसा गेला, तो कुठल्याच रकान्यात येत नाही. बोअरचे जरा निराळे आहे. सोलापुरात पाणी लागलेल्या बोअरला घेणारा किंमत देतो. पण ती किंमत त्याने देऊ केलेल्या १ कोटी ७६ लाखांत आलेलीच असणार, त्यामुळे तीही वेगळी लिहू नये.

कासेगावचा_पाहुणा

मूळ प्रश्न मला असा दिसतो की जागा तिघांच्या नावावर आहे आणि पुढे वाटणी होणार आहे. आमच्याकडे असाच प्रकार झाला होता. शेड एका भावाने बांधली, उताऱ्यावर नावे चौघांची राहिली आणि आता तारखा चालू आहेत. आधी वारसांची संमती नोंदणीकृत करून घ्या, हिशेब नंतर करा.

अक्कलकोट_रोड

@कासेगावचा_पाहुणा, आपला सल्ला मोलाचा आहे, पण आमची जागा पेढीच्या मालकीची आहे आणि सध्या तरी तिघांत भांडण नाही. भांडण फक्त अहवालातल्या त्या एका रकान्यावरून आहे.

कडक_भाकरी

सध्या तरी :)

गुंठेवारी

मग यात अवघड ते काय? जागेपुढे १ कोटी ७६ लाख लिहा. शिवाय खडीवाल्याचे वर्षाचे ३ लाख भाडे बुडणार आहे, तेही दहा वर्षांचे धरा. अहवाल २७.६ लाखांचा फायदा दाखवतो आणि जागेपोटी पावणेदोन कोटींहून अधिक वजा होणार. प्रकल्प तिथेच संपला. टॉवेल विणण्यापेक्षा जागा विका आणि पैसे मुदत ठेवीत ठेवून निवांत बसा.

ताळेबंद

@गुंठेवारी, आपली दिशा बरोबर आहे, पण जागेवर तिप्पट भार पडला आहे.

पहिली गोष्ट, १ कोटी ७६ लाख हातात येत नाहीत. दलाली एक टक्का धरली तर १.७६ लाख जातील. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. पेढीचे उत्पन्न एक कोटीच्या वर गेल्यामुळे त्यावर १२ टक्के अधिभार आणि मग ४ टक्के उपकर लागेल. जागा १ एप्रिल २००१ पूर्वीची असल्याने मूळ किमतीऐवजी त्या तारखेची बाजारभावाची किंमत धरता येते. मूल्यांकन करणाऱ्याने ती समजा ९ लाख काढली, तर कर सुमारे २४ लाख होतो आणि हाती साधारण दीड कोटी उरतात.

दुसरी गोष्ट, जागा विकली तर खडीवाल्याचे भाडे तुम्हाला मिळणारच नाही. एकच जागा एकाच वेळी विकताही येत नाही आणि भाड्यानेही देता येत नाही. जे दोन पर्याय सुटतात, त्यांपैकी सर्वांत चांगला तेवढा एकच मोजायचा.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आहे आणि तीच बहुतेक जण विसरतात. प्रकल्प जागा खाऊन टाकत नाही. यंत्र दहा वर्षांत झिजते, जमीन झिजत नाही. दहा वर्षांनी माग भंगारात गेले तरी वीस गुंठे तिथेच असतील आणि तेव्हा विकता येतील. म्हणजे प्रकल्पाने जागा विकत घेतली असे न मानता दहा वर्षांसाठी अडवून ठेवली असे मानावे.

आता आकडे मांडतो. विक्रीतून हाती येणारी रक्कम वर्षाला ६ टक्क्यांनी वाढेल असे धरले, तर आजचे १५० लाख दहा वर्षांनी सुमारे २६८.६ लाख होतील. ते तुमच्याच १२ टक्क्यांनी आज आणले तर ८६.५ लाख होतात. १५० मधून ८६.५ गेले की ६३.५ लाख उरतात. जागा दहा वर्षे अडकवण्याची ही खरी किंमत आहे. २७.६ मधून ती वजा केल्यास प्रकल्प ३५.९ लाखांनी तोट्यात जातो.

पोटमाळा

म्हणजे तोट्यातच जायचे होते तर गुंठेवारींचे काय चुकले? निष्कर्ष तर दोघांचा एकच निघाला.

ताळेबंद

या वेळी एकच निघाला, कारण मी वाढ ६ टक्के धरली. तोच आकडा ९.७ टक्के धरून पाहा, प्रकल्प ना नफा ना तोटा या रेषेवर येतो. १२ टक्के धरला तर जागेची किंमत शून्य होते आणि सल्लागाराचे शून्य चुकीच्या वाटेने का होईना, बरोबर ठरते. गुंठेवारींच्या पद्धतीत मात्र जागेचा भाव कितीही वाढो, प्रकल्प कायम तोट्यातच दिसणार. त्यामुळे आता चर्चा करायचीच असेल तर या जागेचा भाव पुढे किती वाढेल यावर करा. १९९६ च्या खरेदीखतातून त्याचे उत्तर मिळणार नाही.

मागावरचा

या निमित्ताने माझा अनुभव सांगतो, विषय जवळचाच आहे. आमच्याकडे साधे यंत्रमाग होते. त्यांवर चादर विणत होतो. त्यांतल्या काहींची दुरुस्ती काढली आणि एकामागून एक भाग बदलत गेलो. प्रत्येक वेळी घरात एकच वाक्य होत असे, की एवढा पैसा घातला आहे तर आता थोड्यासाठी मागे का हटायचे? शेवटी त्या दुरुस्तीच्या पैशांत जुने रॅपियर मिळाले असते, असे शेजारच्या कारखानदाराने सांगितले तेव्हा सगळे गप्प झाले. तुमच्या काकांचे साडेचार लाख त्याच जातीचे आहेत. ते कागदावर राहिले तर उद्या प्रत्येक बैठकीत बोलायला लागतील.

मात्र एक विचारतो. भंगार आणि खेळते भांडवल मिळून ३२ लाख धरले आहेत. त्यांत २० लाख खेळत्या भांडवलाचे असतील तर ते पूर्ण परत येतील, हे कुणी ठरवले? आमच्याकडे उधारीवर गेलेल्या मालाचे पैसे अजून येत आहेत.

अक्कलकोट_रोड

@मागावरचा, २० लाख पूर्ण परत येतील असेच अहवालात धरले आहे. आपला मुद्दा सल्लागारापुढे ठेवतो.

हत्तरसंग

कराबाबत एक दुरुस्ती सुचवतो. जुलै २०२४ मध्ये नियम बदलले तेव्हा जुन्या जमिनींसाठी महागाई निर्देशांक लावून २० टक्के हा पर्याय ठेवला होता. १९९६ ची जागा असल्याने तो पर्याय घ्या, कर बराच कमी होईल.

ताळेबंद

तो पर्याय निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांच्यासाठी आहे, भागीदारी पेढीला मिळत नाही. जागा काकांच्या स्वतःच्या नावावर असती तर दोन्ही पद्धतींनी हिशेब करून पाहता आला असता.

यानिमित्ताने काकांचे मन राखायला एक गोष्ट सांगतो. निर्णयासाठी सहा लाख निरुपयोगी असले, तरी करासाठी खरेदीची किंमत पाहिली जाते. समजा २००१ चे मूल्यांकन मिळाले नाही आणि सहा लाखच धरावे लागले, तर कर सुमारे ४४ हजारांनी वाढेल. दीड कोटीच्या हिशेबात जुन्या किमतीला एवढाच आवाज उरतो.

हत्तरसंग

पेढीचा मुद्दा लक्षात आला. पण मग रेडी रेकनरचा दर धरणे अधिक सुरक्षित नाही का? तोंडी देऊ केलेला भाव कोण पाळतो?

ताळेबंद

रेडी रेकनर मुद्रांक शुल्कासाठी आहे, त्या दराने कुणी पैसे घेऊन दारात येत नाही. त्याचा उपयोग इतकाच, की रेकनरची किंमत विक्रीच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघाली तर कर मात्र रेकनरच्या किमतीवर बसतो. तोंडी भावाबद्दलची आपली शंका योग्य आहे आणि ती हिशेबात अशी आणता येते. समजा गिऱ्हाईक पक्के होऊन पैसे हाती यायला दोन वर्षे लागली आणि रक्कम तीच राहिली, तर १५० लाखांची आजची किंमत ११९.६ लाख होते. त्यातून ८६.५ गेले की जागेचा भार ३३.१ लाखांवर येतो आणि प्रकल्पाचा तोटा साडेपाच लाखांच्या आसपास राहतो. त्या दोन वर्षांत खडीवाल्याचे भाडे मात्र चालू राहील, म्हणून तोटा थोडा वाढवून धरावा.

बँकेतली_खुर्ची

मी बँकेत कर्ज विभागात काम केले आहे, म्हणून सांगतो. अशा अहवालांत जागा शून्य किंवा खरेदीच्या किमतीने लिहिलेली असते आणि बँक त्याबद्दल हरकत घेत नाही. बँकेला दोनच गोष्टी पाहायच्या असतात. हप्ते भरण्याएवढी रोख येईल का आणि न आल्यास जप्त करायला काय आहे? मोकळी, बिनबोज्याची जागा तारण मिळत असेल तर बँक खूशच असते. त्यामुळे कर्ज मंजूर झाले म्हणून प्रकल्प जागेचा भार सोसतो आहे, असे समजू नये. बँकेने तो प्रश्न विचारलेलाच नसतो.

आणखी एक. जागा तारण गेली की ती इतर कुठल्याही कर्जासाठी वापरता येत नाही. तुमच्या जुन्या कारखान्याला खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवून हवी असेल आणि त्यासाठी हीच जागा देणार असाल, तर तोही एक सुटलेला पर्याय आहे.

अक्कलकोट_रोड

सर्वांचे आभार. काल हे सगळे आकडे काकांपुढे ठेवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "अरे, पण विकायची कुणाला आहे? तुझा तो दीड कोटीचा हिशेब जो विकणार आहे त्याने करावा. आपण ही जागा विकणार नाही, हे मी आत्ताच सांगतो." आता या वाक्यापुढे संधी खर्चाचे काय करायचे?

कडक_भाकरी

काकांनी एका वाक्यात ६३.५ लाख वाचवले. त्यांना सल्लागार नेमा.

ताळेबंद

कडक_भाकरी थट्टा करत असले तरी त्यात तथ्य आहे. विक्री हा पर्याय खरोखरच नसेल, तर तो मोजता येणार नाही. मग उरतो खडीवाला. त्याचे वर्षाचे ३ लाख भाडे, पेढीला ३१.२ टक्के कर वजा जाता २.०६ लाख होते आणि दहा वर्षांचे आजच्या किमतीत सुमारे ११.७ लाख भरतात. २७.६ मधून ते वजा केले की १५.९ लाख उरतात आणि प्रकल्प करण्याजोगा ठरतो.

गुंठेवारी

हे मला अजिबात पटत नाही. बाजार जागेला दीड कोटी देतो आहे, तो काकांच्या इच्छेने नाहीसा होत नाही. विकायची नाही असे म्हणणे हाही एक निर्णयच आहे आणि त्याची किंमत पेढी मोजते आहे. आपण ती किंमत अहवालातून काढून टाकली, तर प्रकल्प फायद्यात दिसेल, पण पेढी त्या पैशांवर १२ टक्के मिळवत नसेल. माझी पहिली मांडणी चुकली असेल, हा मुद्दा मात्र सोडणार नाही.

बँकेतली_खुर्ची

मी इथे गुंठेवारींच्या बाजूने आहे, निदान अर्धा. काकांना एकच विचारा. समजा शेड बांधली नाही, तर पुढची दहा वर्षे ही जागा खडीवाल्याकडेच राहील, याची ते खात्री देतात का? देत असतील तर ११.७ लाखांचा हिशेब बरोबर. पण लग्नकार्य, आजारपण किंवा एखाद्या भागीदाराची निवृत्ती आली की ती विकली जाणार असेल, तर विक्री हा पर्याय आजही जिवंत आहे, फक्त त्याची तारीख माहीत नाही. माझ्या पाहण्यात "कधीच विकणार नाही" अशी जागा बहुधा दुसऱ्या पिढीत विकली गेली.

ताळेबंद

मी दोन्ही आकडे वेगवेगळ्या पानांवर लिहीन. पहिल्या पानावर प्रकल्पाचा हिशेब जागेच्या पूर्ण भारासह आणि दुसऱ्यावर भागीदारांनी विक्री नाकारल्यामुळे त्यात पडणारा फरक. ६३.५ आणि ११.७ यांतला फरक ५१.८ लाखांचा आहे. ही जागा राखण्यासाठी भागीदार जे सोडत आहेत ते एवढे आहे, आणि ते सोडायचे की नाही हे तिघांनी सही करून ठरवावे. ती जबाबदारी मागांवर टाकू नये. जागा राखण्याचा आनंद काकांचा आहे आणि तो खोटा आहे असे मी म्हणत नाही.

सोपी कसोटी हवी असेल तर दहा वर्षे दरवर्षी मिळणाऱ्या एका रुपयाची १२ टक्के दराने आजची किंमत ५.६५ रुपये होते, म्हणून ६३.५ लाखांना ५.६५ ने भागा, ११.२ लाख येतात. म्हणजे हीच जागा परक्याची असती आणि माग चालवणाऱ्याला, कर वजा जाता, वर्षाला ११.२ लाख भाडे भरावे लागले असते, तर त्याने हा धंदा केला असता का? तुमच्या आकड्यांप्रमाणे तो फार तर ४.९ लाखांपर्यंत टिकतो.

मागावरचा

हे भाड्याचे निघालेच आहे तर मुळातले विचारतो. माग याच जागेवर का? अक्कलकोट रस्त्याला लागून, बांधकाम व्यावसायिकाला हवी असलेली जागा मागांना कशाला पाहिजे? मागाला रस्त्याकडेचा दर्शनी भाग लागत नाही. चिंचोळीला एखादी तयार शेड भाड्याने मिळाली तर माग तिथे चालतील आणि ही जागा ठेवायची की विकायची, हा प्रश्न निराळा सोडवता येईल. या धाग्यावर सगळ्यांनी दोन प्रश्न एकत्र बांधले आहेत.

ताळेबंद

हे मीच पहिल्या प्रतिसादात विचारायला हवे होते. प्रकल्पाला ही विशिष्ट जागा लागतच नसेल, तर तुलना पूर्ण बदलते.

अक्कलकोट_रोड

आज चिंचोळीला जाऊन आलो. एक तयार शेड महिना १ लाख १० हजार सांगतात, त्यात दर तीन वर्षांनी वाढ आहे. वीजजोडणी आहे, पण भार वाढवून घ्यावा लागेल. कामगार मात्र बहुतेक अशोक चौक आणि अक्कलकोट रस्त्याच्या बाजूचे आहेत, त्यांना रोज चिंचोळीला नेणे सोपे नाही. ८० लाखांऐवजी भाडे लिहून अहवाल पुन्हा करायला सांगितला आहे.

ताळेबंद

करताना दोन गोष्टी पाहा. ८० लाख पूर्ण काढू नका, कारण वाढीव भाराचा खर्च राहणार आहे. शिवाय शेडवरच्या घसाऱ्यामुळे जो कर वाचत होता, तो ४२ लाखांत मिसळलेला असणार. शेड गेली की ती बचत जाते, म्हणून वर्षाचा आकडाही खाली येईल, आणि भाड्यावर मिळणारी करसवलत त्यात नव्याने येईल. कामगारांची गाडी विसरू नका. आणि या अहवालात आपल्या जागेचा रकाना मुळीच नसेल, कारण प्रकल्प तिला हातच लावत नाही.

अक्कलकोट_रोड

आणि साडेचार लाख?

पोटमाळा

तो आकडा सगळ्या अहवालांत सारखाच येतो. आता मीही सांगू शकतो.

अक्कलकोट_रोड

काकांना हे मान्य नाही. चिंचोळीला गेलो तर अक्कलकोट रस्त्याचे आराखडे वाया जातील, असे त्यांचे म्हणणे आहे. बांधकाम व्यावसायिकाकडून लेखी भाव मागितला आहे. तो आला की नवा अहवाल इथे टाकतो.